'यायचं' की 'आलं'? कुड, वॉज एबल टू आणि मॅनेज्ड टू नेमकं कुठे वापरायचं

मी संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची छोटी बॅच घेतो, त्यात मध्ये मध्ये खोटे खोटे इंटरव्ह्यू ठेवतो. मागच्या आठवड्यात एक मुलगी अगदी ठसक्यात म्हणाली, "आय कुड कम्प्लीट द प्रोजेक्ट इन टू वीक्स." मी मुद्दाम विचारलं, "गुड, सो व्हेन विल यू स्टार्ट?" तर ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, म्हणाली सर स्टार्ट काय, प्रोजेक्ट तर मार्चमध्येच संपलाय.

तिच्या डोक्यात होतं 'मी दोन आठवड्यांत पूर्ण करू शकले', आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडलं 'मी दोन आठवड्यांत पूर्ण करू शकेन'. म्हणजे जे काम करून दाखवलं तेच नुसतं आश्वासन होऊन बसलं, आणि तेही इंटरव्ह्यूमध्ये! ही चूक आपल्याकडे इतकी कॉमन आहे की आपल्याआपल्यात बोलताना कुणाच्या लक्षातही येत नाही, पण समोरचा बाहेरचा असेल तर हमखास गफलत होते.

शाळेत आपल्याला एकच ओळ शिकवलेली असते, कॅनचा भूतकाळ कुड. ती खोटी नाहीये पण अर्धी आहे. उरलेली अर्धी समजायला जाड ग्रामरचं पुस्तक लागत नाही, कारण हा फरक मराठीत आधीच आहे आणि तुम्ही तो रोज न चुकता वापरता.

पहिली पायरी: आधी मराठी वाक्य म्हणा आणि त्याची शेपटी बघा

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.

लहानपणी मला झाडावर चढता यायचं.
काल मला झाडावर चढता आलं.

पहिल्यात कुठल्या एका दिवसाची गोष्ट नाहीये. अंगात ती कला होती, कधीही सांगा, चढलो असतो. दुसऱ्यात एक ठरावीक वेळ आहे, काल प्रयत्न केला आणि चढलो, विषय संपला. 'यायचं' आणि 'आलं' यांची अदलाबदल आपण चुकूनही करत नाही, पाच वर्षांचं पोरही करत नाही.

आता इंग्रजीत काय होतं बघा. जिथे मराठीत 'यायचं', 'येत होतं', 'शकायचो' असं लांबणारं क्रियापद येतं तिथे कुड. "आय कुड क्लाइंब ट्रीज व्हेन आय वॉज अ चाइल्ड." आणि जिथे 'आलं', 'शकलो', 'जमलं' असं संपलेलं क्रियापद येतं तिथे वॉज एबल टू किंवा मॅनेज्ड टू. "यस्टरडे आय वॉज एबल टू क्लाइंब द ट्री."

माझ्या मते निम्मा घोटाळा एका शब्दामुळे होतो, तो म्हणजे 'शकलो'. 'शकणे म्हणजे कॅन' हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की 'शकलो' आला की हात आपोआप कुडकडे जातो. पण मराठीत 'मी वेळेत पोचू शकलो' म्हटलं की माणूस पोचलाच, शंकाच नाही. इंग्रजीतल्या कुडमध्ये ती खात्री नाहीये. तो फक्त सांगतो की ताकद होती, मुभा होती किंवा शक्यता होती, पुढे ते घडलं की नाही त्याबद्दल तो गप्प. त्यात भर म्हणजे हाच कुड 'करू शकेन', 'करता येईल' यासाठीही चालतो, "वी कुड गो टुमॉरो" म्हणजे उद्या जाता येईल. म्हणून नुसतं "आय कुड फिनिश इट" ऐकलं की समोरच्याला कळत नाही झालं की व्हायचंय.

वॉज एबल टू मात्र 'शकलो'सारखाच, त्यात झाल्याची बातमी आहे.

एक गंमत सांगतो, 'दर वेळी', 'रोज', 'जेव्हा जेव्हा' असा शब्द आला की एकेक घटना असूनही मराठी परत 'यायचं'वर जाते आणि इंग्रजीही कुडवर जाते. 'साडेसातला स्टेशनवर पोचलं की बसायला जागा मिळू शकायची', "इफ आय रीच्ड द स्टेशन बाय सेव्हन थर्टी, आय कुड गेट अ सीट." आणि 'त्या दिवशी जागा मिळवता आली' म्हटलं की "दॅट डे आय वॉज एबल टू गेट अ सीट". शेपटीची युक्ती दोन्हीकडे चालते.

यायचं-वाल्या वाक्यात वॉज एबल टू घातलं तर चूक आहे का? नाही, "शी वॉज एबल टू रीड अ‍ॅट फोर" व्याकरणाला धरूनच आहे, फक्त कुड जास्त सहज वाटतं. धोका उलट्या दिशेने आहे, म्हणजे 'आलं'च्या जागी कुड. त्यामुळे अगदीच सुचत नसेल तर वॉज एबल टू म्हणून मोकळे व्हा.

दुसरी पायरी: वाक्यात 'नाही' आहे का?

असेल तर डोकं शिणवू नका, कुडन्ट दोन्हीकडे चालतो. 'मला पोहता यायचं नाही' हेही "आय कुडन्ट स्विम" आणि 'काल मला दार उघडता आलं नाही' हेही "आय कुडन्ट ओपन द डोअर यस्टरडे". कारण साधं आहे, नुसती शक्यता होती म्हटलं तर काम झालं की नाही हा प्रश्न उरतो, पण शक्यताच नव्हती म्हटलं की काम झालं नाही हे उघडच आहे, संशयाला जागाच नाही.

वॉजन्ट एबल टू थोडं औपचारिक वाटतं, मेलमध्ये शोभतं. डिडन्ट मॅनेज टू म्हणजे प्रयत्न केला पण नाही जमलं.

'जेमतेम', 'फक्त' असले अर्धे नकारही याच डब्यात टाकायचे. "शी कुड हार्डली वॉक", तिला धड चालताही येत नव्हतं. "वी कुड ओन्ली गेट टू तिकीट्स", दोनच तिकिटं मिळाली. एका दिवसाची गोष्ट असूनही कुड चालला, कारण दोन्ही वाक्यांत जोर जे झालं नाही त्यावर आहे.

तिसरी पायरी: दिसणं, ऐकू येणं, वास येणं

इथे हुशार मुलं अडकतात. त्यांनी नियम नीट पाठ केलेला असतो की एकदाच घडलं तर कुड नाही, आणि मग कुठेतरी वाचतात "आय कुड हिअर अ डॉग बार्किंग", आणि येतात विचारायला की सर ही तर एका रात्रीची गोष्ट आहे मग कुड कसा.

परत मराठीकडे या. त्या रात्री काय झालं? 'कुत्रा भुंकताना ऐकू येत होता.' येत होता! एकच रात्र आहे पण क्रियापद लांबणारं आहे, संपलेलं नाहीये. ऐकू येणं, दिसणं, वास येणं, चव लागणं, जाणवणं या गोष्टी आपण 'करून दाखवत' नाही, त्या काही वेळ चालू असतात. म्हणून सी, हिअर, स्मेल, टेस्ट, फील यांच्याबरोबर एका प्रसंगालाही कुड बिनधास्त लागतो. "आय कुड स्मेल गॅस", गॅसचा वास येत होता. अंडरस्टँड आणि रिमेंबर पण याच घरातले, "आय कुड अंडरस्टँड हिज मराठी", त्याचं मराठी कळत होतं.

इथे वॉज एबल टू घातलंत तर अर्थ बदलतो, काहीतरी अडथळा होता आणि तरी दिसलं असा सूर लागतो. पुढे उंच माणूस बसलेला, मान वाकडी करून करून स्टेज दिसलं, तर "आय वॉज एबल टू सी द स्टेज" किंवा त्याहून बरं "आय मॅनेज्ड टू सी द स्टेज".

अजून एक छोटी फट आहे, तुम्ही आलात याचा आनंद झाला, "आय अ‍ॅम सो ग्लॅड यू कुड कम". पाहुणा समोर उभा आहे, म्हणजे आलाच आहे, तरी कुड. ही बोलायची रीत आहे, तशीच पाठ करा.

चौथी पायरी: वॉज एबल टू की मॅनेज्ड टू?

आता 'आलं'वाल्या डब्यात दोन वस्तू उरल्या. दोन्ही बरोबर, फरक घामाचा आहे. मराठी वाक्यात 'कसंबसं', 'शेवटी एकदाचं', 'धडपडून', 'जमवलं' असं काही घालावंसं वाटलं तर मॅनेज्ड टू. नाही वाटलं तर वॉज एबल टू.

दुकान उघडं होतं म्हणून औषध घेता आलं, "द शॉप वॉज ओपन, सो आय वॉज एबल टू बाय द मेडिसिन." सगळी दुकानं बंद, चौथ्या गल्लीत एक अर्ध्या शटरचं सापडलं आणि मिळवलं एकदाचं औषध, "आय मॅनेज्ड टू बाय द मेडिसिन."

मॅनेज म्हटलं की आपल्याला वेगळाच वास येतो हे मला माहितीये, 'साहेबांना मॅनेज केलं', 'टेंडर मॅनेज झालं' वगैरे. इंग्रजीत मॅनेज्ड टू-ला तो वास नाही, तिथे निव्वळ खटपट आहे. पण दुसरी एक पंचाईत आहे. खटपट सुचवतो म्हणूनच साध्या कामाला तो लावला की तुम्ही कच्चे वाटता. मेलमध्ये लिहिलं "आय मॅनेज्ड टू रीड युवर मेल", तर म्हणजे काय, एक मेल वाचायला एवढे कष्ट? किंवा मग समोरच्याला वाटतं मोठे उपकार केल्यासारखं बोलतोय. कामाबद्दल सांगताना अडचण खरंच होती आणि ती तुम्ही सांगणार असाल तरच वापरा, "टू पीपल लेफ्ट द टीम बट वी मॅनेज्ड टू फिनिश ऑन टाइम", हे वाक्य छान आहे कारण अडचण समोर ठेवली आहे.

आणि बऱ्याचदा दोन्ही नकोच असतात! सुरुवातीच्या त्या मुलीला मी शेवटी हेच सांगितलं, "आय कम्प्लीटेड द प्रोजेक्ट इन टू वीक्स", बास. केलं ना, मग 'करू शकले' कशाला, 'केलं' म्हण. मराठीतही आपण ऑफिसच्या भाषेत उगाच 'शकलो शकलो' करतो आणि तेच इंग्रजीत ओतत राहतो.

मॅनेज्ड टू-चा एक तिरका वापरही आहे, टोमण्याचा. "ही मॅनेज्ड टू लूज थ्री अम्ब्रेलाज इन वन मान्सून." एका पावसाळ्यात तीन छत्र्या हरवून दाखवल्या पठ्ठ्याने! आपण 'हरवून दाखवल्या' म्हणतो ना, तोच भाव. इथे वॉज एबल टू घातलं तर टोमणाच मरतो.

बांधणीतल्या चुका, ज्या मी रोज लाल पेनाने खोडतो

पहिला नंबर 'कुड एबल टू'चा. "आय कुड एबल टू सॉल्व्ह इट." हे इंग्रजीत नाहीच. कुड आणि एबल टू दोघं एकच काम करणारे, एकाच खुर्चीवर दोघं बसवल्यासारखं होतं ते. एक तर "आय कुड" किंवा "आय वॉज एबल टू". 'कॅन एबल टू'ला पण हेच लागू.

मग टू-च्या पुढचं क्रियापद. भूतकाळ वॉजमध्ये किंवा मॅनेज्डमध्ये येऊन गेलेला असतो, तो परत लावायचा नाही. "वॉज एबल टू वेंट" नाही, "वॉज एबल टू गो". "मॅनेज्ड टू फाउंड" नाही, "मॅनेज्ड टू फाइंड". आणि 'मॅनेज्ड इन फाइंडिंग' हे सक्सीडेड इन-ची उसनवारी आहे, "सक्सीडेड इन फाइंडिंग" बरोबर पण मॅनेज्डला टूच लागतो.

वी, यू, दे असेल तर वेअर एबल टू, हे माहीत असतं सगळ्यांना पण बोलताना घसरतं. आणि कुडमधला एल उच्चारायचा नाही, 'कुल्ड' म्हणू नका. तो एल मुळात त्या शब्दात नव्हताच, वुड आणि शुडच्या संगतीने स्पेलिंगमध्ये शिरलाय.

प्रश्न विचारताना

इथे तर कुड सरळ दुसऱ्याच गावाला नेऊन सोडतो. सहकाऱ्याला काल फाइल पाठवली होती, ती त्याला उघडता आली का हे विचारायचंय आणि तुम्ही लिहिलं "कुड यू ओपन द फाइल?" तर ती झाली विनंती, 'जरा फाइल उघडता का'. तो बिचारा फाइल उघडेल आणि पुढच्या सूचनेची वाट बघत बसेल. विचारायचं असं, "वेअर यू एबल टू ओपन द फाइल?" आणि फाइल त्रासदायक आहे हे दोघांना माहीत असेल तर "डिड यू मॅनेज टू ओपन द फाइल?"

एक आख्खा प्रसंग घेऊन बघू

बॅचमध्ये एक काका आहेत, रिटायर झालेले, मुलीकडे परदेशात जायचं म्हणून शिकतायत. त्यांना म्हटलं आयुष्यातला एक अवघड दिवस सांगा. त्यांनी 26 जुलै 2005 निवडला, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. ऑफिस अंधेरीला, घर डोंबिवलीला. त्यांनी लिहून आणलं ते असं होतं, प्रत्येक ठिकाणी कुड:

"द ट्रेन्स स्टॉप्ड. आय कुड नॉट कॉल होम. फ्रॉम द ऑफिस विंडो आय कुड सी ओन्ली वॉटर. आय कुड वॉक फास्ट इन दोज डेज. आय कुड रीच घाटकोपर अ‍ॅट नाइट. माय आंट लिव्ह्ड देअर सो आय कुड स्लीप अ‍ॅट हर हाउस. नेक्स्ट डे आय कुड गेट अ टेम्पो अँड आय कुड रीच होम."

मी त्यांना म्हटलं काका, आता हेच मराठीत सांगा, सावकाश, आणि मी फक्त क्रियापदं लिहून घेतो.

घरी फोन 'करता आला नाही'. नाही आलं, म्हणजे कुडन्ट, आहे तसं ठेवा. खिडकीतून नुसतं पाणी 'दिसत होतं'. दिसत होतं, लांबणारं, कुड ठेवा. त्या काळात मी भराभर 'चालू शकायचो'. शकायचो, अंगातली ताकद, कुड ठेवा. म्हणजे पहिले तीन कुड काकांनी बरोबरच लावले होते, आणि मला वाटतं म्हणूनच पुढचे चुकीचे त्यांना चुकीचे वाटले नाहीत.

मग घाटकोपर. विचारलं, कसे पोचलात? तर म्हणाले कसं काय विचारता, छातीपर्यंत पाणी, रस्त्याच्या मधल्या दुभाजकाला धरून धरून, चपला गेल्या वाहून, रात्री अकरा वाजता पोचलो एकदाचा. 'एकदाचा' म्हणाले ना, झालं, "आय मॅनेज्ड टू रीच घाटकोपर अ‍ॅट नाइट." त्यांच्या मूळ वाक्यात "आय कुड रीच" वाचून परदेशातल्या जावयाला वाटलं असतं की पोचणं शक्य होतं पण गेले नाहीत बहुतेक.

मावशीकडे झोपणं. इथे काका म्हणाले मॅनेज्ड टू स्लीप लिहू का. मी विचारलं, झोप लागायला त्रास झाला? म्हणे छे हो, पडल्या पडल्या डोळा लागला. मग मॅनेज्ड नको. मावशीचं घर होतं म्हणून झोपायची सोय झाली, वॉज एबल टू. "माय आंट लिव्ह्ड देअर, सो आय वॉज एबल टू स्लीप अ‍ॅट हर हाउस." मॅनेज्ड टू स्लीप म्हटलं असतं तर रात्रभर तळमळलो आणि कशीबशी झोप लागली, असं झालं असतं, आणि मावशीला वाईट वाटलं असतं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशीचा टेम्पो मिळवायला दोन तास हात करत उभे होते, तेव्हा "आय मॅनेज्ड टू गेट अ टेम्पो". पण लगेच पुढे "अँड आय मॅनेज्ड टू रीच होम" नको, टेम्पोत बसल्यावर कसली खटपट, टेम्पोने सोडलं घरी. "अँड रीच्ड होम बाय इव्हनिंग." साधा भूतकाळ.

मुलीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं त्यांनी ते. तिने एकच विचारलं, "बाबा, डिड यू मॅनेज टू सेव्ह युवर टिफिन?" काका म्हणाले, "नो, आय कुडन्ट." आणि मग माझ्याकडे वळून हळूच, हे बरोबर आहे ना?